भोंगऱ्या बाजाराची गर्दी : हंगामी माणसांचे तास कसे लावावेत

होळीआधीच्या आठवड्यात धडगाव, मोलगीकडचे आठवडे बाजार भोंगऱ्याचे बाजार होतात. कपडे, डाळ्या, गूळ, घुंगरांना गर्दी होते. पण ती रोज नसते, बाजाराच्या दिवशीच असते. म्हणून कापड दुकानदाराने हंगामी माणूस महिनाभर बसवून ठेवण्यापेक्षा तास हळूहळू वाढवावेत.

समजा, होळीला चार आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात फक्त बाजाराचा दिवस, 8 तास. दुसऱ्यात आदला दिवसही, म्हणजे 16. तिसऱ्यात चार दिवस, 32. शेवटच्यात सहा दिवस, 48. पहिले तीन आठवडे माल कुठे ठेवलाय नि भाव काय, हे शिकण्यात जातात. भोंगऱ्याच्या दिवशीच नवा माणूस घेतला तर गिऱ्हाईक उभंच राहतं.

मोठ्या दुकानांना लागू असलेल्या 2017 च्या राज्य कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, वरच्या तासाला दुप्पट मजुरी. रोज 400 रुपये, म्हणजे तासाला 50 धरले, तर 54 तासांचे 2400 अधिक 600, एकूण 3000 होतात. साप्ताहिक सुट्टी द्यावीच लागते.

एक घोळ नेहमीचा. पावरी बोलणारी पोरं दुकानात हवीच असतात, पण होळीही त्यांचीच. कोणी पाळणी पाळतो, कोणी बावा बुध्या होतो. तो कधी गावी निघणार, हे ठेवतानाच विचारून त्याचे तास त्याआधी संपवावेत.