दृष्ट

कौतुकाच्या किंवा मत्सराच्या नजरेने माणसाला, विशेषतः तान्ह्या मुलाला, अपाय होतो अशी समजूत. ती भूमध्य सागराच्या परिसरात, पश्चिम आशियात आणि भारतात फार जुनी आहे. तुर्कस्तानात निळ्या काचेचा डोळा बाळगतात, महाराष्ट्रात बाळाच्या गालाला तीट लावतात. देखणेपणात मुद्दाम थोडे व्यंग ठेवले की नजर त्यावरच अडते, ही त्यामागची कल्पना.

दृष्ट काढणे हा उपचार असतो आणि निदानही. मराठी घरांत सांजवेळी मीठ, मोहरी व सुक्या मिरच्या मुठीत घेऊन मुलावरून ओवाळतात आणि निखाऱ्यावर टाकतात. मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर होती असे मानतात. ग्रीसमध्ये पाण्यात तेलाचे थेंब सोडतात. ते विरले तर नजर लागली होती. पुढे मूल शांत झाले तर श्रेय विधीला, नाही तर दृष्ट पुन्हा काढायची. त्यामुळे समजूत खोटी ठरत नाही. (बरीचशी रडणारी मुले तशीही थोड्या वेळाने झोपतात.)

मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की यांना ट्रोब्रिअंड बेटांवर दिसले, की सुरक्षित खाजणातल्या मासेमारीला मंत्रतंत्र लागत नसे. बेभरवशाच्या खुल्या समुद्रावर मात्र त्याचा वापर भरपूर असे. कारण न कळता रडणारे मूल आईला असेच हतबल करते. विधीमुळे तिला काही करता येते, दोष बाहेरच्या नजरेकडे जातो आणि घरातले वडीलधारे भोवती जमतात. मात्र ताप, जुलाब किंवा सुस्ती असताना दृष्ट काढण्यात गेलेला वेळ घातक ठरू शकतो. शिवाय तीट लावायच्या काही काजळ-सुरम्यांत शिसेही आढळते.