अर्धवर्तुळाची कुळकथा

केरळमध्ये 2024 साली ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ हा सिनेमा आला. त्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा असा प्रश्न करतो, की सगळ्यांना पहिल्या ओळीत का बसता येऊ नये? त्यानंतर तिथल्या अनेक शाळांनी बाक भिंतीकडेने नालाकार मांडले आणि शेजारच्या राज्यांतही ती चर्चा पोचली. मागचा बाक गेला, आता सगळी मुले सारखी, असे तेव्हा म्हटले गेले. माझी तक्रार त्या मांडणीबद्दल नाही. ती नवी आहे आणि समतेसाठी जन्मली आहे, या दोन समजुतींबद्दल आहे. शाळेतल्या अर्धवर्तुळाचे कूळ शोधत गेलो, तर ते दोनशे वर्षे मागे जाते आणि तिथे समतेच्या अगदी उलट गोष्ट हाती लागते.

ओळींचा इतिहास लवकर सांगून होतो. एक शिक्षक, एक फळा आणि सगळ्या वर्गाला एकच धडा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात पक्की झाली आणि तिच्याबरोबर फळ्याकडे तोंड करून मांडलेले बाक आले. मुलांचे गट करून टेबलाभोवती बसवण्याची लाट इंग्लंडमध्ये 1967 च्या प्लाउडन अहवालानंतर जोरात आली. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की एकट्याने करायचे काम दिले तर गटापेक्षा ओळीत बसलेली मुले हातातल्या कामावर जास्त टिकतात. समोरासमोर बसवायचे आणि एकेकट्याने गणिते सोडवायला सांगायचे, यात मुलांचा दोष काही नाही.

आता अर्धवर्तुळाकडे. जोसेफ लँकेस्टरने 1798 मध्ये लंडनच्या बरो भागात शाळा काढली. एकाच लांबट दालनात शेकडो मुले आणि शिक्षक एक. दालनाच्या मध्यभागी लांब बाकांच्या ओळी, त्यांवर पाटीवरचे लेखन चाले. बाकांच्या दोन्ही बाजूंना भिंतीलगत जागा मोकळी सोडलेली आणि तिथे जमिनीवर अर्धवर्तुळे आखलेली असत. वाचनाची वेळ झाली, की मुलांच्या तुकड्या ओळीतून उठून या रेघांवर उभ्या राहत. भिंतीवर धड्याचा मोठा तक्ता टांगलेला आणि त्याच्याशेजारी मॉनिटर, म्हणजे थोडा पुढे गेलेला मोठा मुलगा. आठ-दहा मुले, सगळ्यांना तक्ता दिसतो, प्रत्येकावर वेळ येते. आपल्या वर्गातला मॉनिटर या घराण्याचा वारस आहे, फक्त त्याच्याकडचे शिकवण्याचे काम गेले आणि गप्प बसवण्याचे राहिले.

आणि समता? या अर्धवर्तुळात प्रत्येक पाऊल म्हणजे क्रमांक होता. वरच्या मुलाचे उत्तर चुकले आणि खालच्याला आले, तर दोघांनी तिथल्या तिथे जागा बदलायची. पहिल्या जागेवरच्याला बिल्ला मिळे. ओळीत निदान मागे लपता येते. इथे शेवटचा कोण, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रोज ठरत होते.

वादाचा मुद्दा पुढे आहे. ही पद्धत मुळात कोणाची? अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री 1789 पासून मद्रासच्या एग्मोरमधल्या मुलांच्या अनाथालयाचा प्रमुख होता. त्याने एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना पाहिले. आपल्या शिक्षकांना तसे करायला सांगितले, ते तयार होईनात. मग त्याने जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती खालचा वर्ग दिला आणि काम जमले. 1797 मध्ये त्याने त्यावर पुस्तिका छापली. पुढे लँकेस्टरचे आणि बेलचे पाठीराखे, मूळ कल्पना कोणाची यावर वर्षानुवर्षे भांडले. बेल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने 1823 च्या अहवालात मात्र स्वच्छ लिहिले, की पुढच्या मुलांनी मागच्यांना शिकवण्याची देशी शाळांची रीत वाखाणण्याजोगी आहे आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच. त्याच अहवालात क्रमांकाची चालही सापडते. सकाळी पहिल्या येणाऱ्याच्या तळहातावर मान म्हणून सरस्वतीचे नाव, तिसऱ्यापासून पुढच्यांना क्रमाने वाढत्या छड्या.

आपल्या पंतोजीच्या शाळेची बैठक अशीच होती. धुळपाटी मांडीवर, मुले जमिनीवर, थोरला मुलगा धाकट्यांना गिरवून घेतोय. एका शिकवणाऱ्याभोवती पाच-सहा मुले जमिनीवर बसली, की आपोआप अर्धवर्तुळच होते. सैन्याच्या कवायतीतून लँकेस्टरला ते सुचले असेल, असेही म्हणता येईल. त्याच्या शाळेतले हुकूम आणि हालचाली कवायतीसारख्याच होत्या. पण कवायतीने रांगा दिल्या असत्या. वाळू, मॉनिटर आणि क्रमांक हे तिन्ही इथे सापडतात, तर चौथे अर्धवर्तुळही याच घरचे असावे, असा माझा तर्क आहे, आणि तो मी सोडणार नाही. गंमत अशी, की ही पद्धत इंग्रजी पोशाखात परत मुंबई इलाख्यात आली. 1815 ची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी आणि नंतर देशी शाळांसाठी निघालेली संस्था, दोघींच्या शाळांत ती चालवली गेली.

मग ती गेली कुठे? माझ्या मते बाकाने तिला संपवले. उदाहरण उल्हासनगरचे. ते आधी कल्याण कॅम्प होते. फाळणीनंतर सिंधी निर्वासित लष्करी बराकींमध्ये राहिले आणि शिक्षणही तिथेच सुरू झाले. बराक म्हणजे लांबट, अरुंद दालन, लँकेस्टरला हवे होते तसेच. पण तोवर शाळा म्हणजे बाकांच्या ओळी हे ठरून गेले होते.

आजचा हिशेब अंबरनाथ-बदलापूरकडच्या भरलेल्या वर्गावर करून पाहू. खोली वीस फूट रुंद, पंचवीस लांब. फळ्यापुढे पाच फूट सोडले, वीस उरले. दोघांचा बाक चार फूट लांब, मागे-पुढे पावणेतीन. ओळींत चार बाक रुंदीला, सात लांबीला, म्हणजे 28 बाक, 56 मुले. आता नालाकार करा. भिंतीकडेने दोन्ही बाजूंना चार-चार, ये-जा करायला फटी सोडून, आणि मागे तीन: 11 बाक. आत फूटभर जागा ठेवून दुसरा नाल: बाजूंना चार-चार, मागे एक: 9 बाक. एकूण 20, म्हणजे 40 मुले. सोळा मुले दाराबाहेर राहतात. शिवाय बाजूच्यांना फळा तिरका दिसतो, मान सतत वळलेली राहते. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तीस मुलांना मात्र बाहेरचा नाल आणि आतले चारच बाक पुरतात आणि तिथे ही मांडणी खरी खुलते. जर्मनीतल्या चौथीच्या वर्गावरच्या 1999 च्या अभ्यासात ओळींपेक्षा अर्धवर्तुळात मुले जास्त प्रश्न विचारताना दिसली.

मग भरलेल्या वर्गाचे काय? लँकेस्टरकडे बाक हलतच नव्हते, मुले हलत होती. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने वर्गातल्या फरश्यांवर अक्षरे, आकडे, आकृत्या रंगवल्या आणि मुलांना त्यांभोवती बसवले. जमिनीवर आखलेली रेघ दोनशे वर्षांनी परत आली, या वेळी क्रमांकाशिवाय. छप्पन मुलांच्या वर्गातही हे जमेल. ओळी तशाच ठेवायच्या, फळ्यापुढच्या पाच फुटांत आणि व्हरांड्यात खडूने अर्धवर्तुळे काढायची, लेखन चालू असताना आठ-दहांची एकेक तुकडी वाचनाला उभी करायची. जागांची अदलाबदल नको. फक्त एक पाहायचे: शिक्षकाच्या अगदी समोरच्या मुलाला बोलायची संधी जास्त मिळते, टोकाच्यांकडे नजर कमी जाते. म्हणून गप्प राहणाऱ्या मुलाला मधोमध उभे करावे आणि बडबड्याला टोकाला.