सुट्टीचे परिपत्रक (पालक संमतीपत्रासह)

शाळेने सुट्टीच्या तारखा कळवण्यासाठी पालकांना दिलेले एकपानी पत्र. पानाच्या तळाशी तुटक रेघ आणि ‘येथून कापावे’ अशी सूचना असते. त्याखालचा तुकडा पालकाने भरून, सही करून शाळेत परत पाठवायचा असतो.

खरे तर सुट्टीला पालकाची संमती लागतच नाही. महाराष्ट्रातील शाळांना वर्षभरात रविवार सोडून जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या देता येतात आणि त्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच ठरते. उदाहरणार्थ, सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. तिच्या सुट्टीचे पत्र म्हणजे केवळ सूचना. तिथे फार तर पोच घ्यावी. संमतीचा प्रश्न सुट्टीच्या दिवसांत शाळा मुलाला बोलावणार असेल तेव्हा येतो, म्हणजे सहल, शिबिर किंवा दहावीचे जादा तास. एकाच चिठ्ठीत ‘सूचना वाचली’ आणि ‘परवानगी आहे’ अशी सरमिसळ केली, की पालकाने नेमके कशावर सही केली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

नमुना म्हणून २०२५ ची उन्हाळी सुट्टी घेऊ. विदर्भ वगळता राज्यातील शाळांना २ मेपासून सुट्टी लागली आणि त्या १६ जूनला उघडल्या. सोलापुरातील एखाद्या शाळेला नववीतून दहावीत जाणाऱ्यांचे जादा तास मे महिन्यात घ्यायचे आहेत. ऊन पाहता ते सकाळी साडेसात ते साडेदहा ठेवावे लागतील. परिपत्रकाच्या वरच्या भागात जावक क्रमांक, दिनांक, विषय, सुट्टीचा पहिला दिवस, ‘शाळा सोमवार, १६ जून रोजी उघडेल’ हे वाक्य, जादा तासांच्या तारखा व वेळ, शाळेचा फोन आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का एवढे पुरते. सुट्टी कधी संपते यापेक्षा शाळा कधी उघडते हे वारासह लिहिलेले बरे, म्हणजे मधल्या रविवारचा घोळ होत नाही.

चिठ्ठी परत घेण्याची तारीख शेवटच्या पेपरच्या आधीची हवी. पेपर संपले की मुले एकदम १ मेच्या निकालालाच उगवतात, आणि तोवर वर्गशिक्षकांना पट ठरवायला वेळ उरत नाही.

मसुदा झाला की पान रेघेवर कापून दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचावेत. घरी उरलेल्या भागात तारखा, वेळ आणि फोन सापडले पाहिजेत. शाळेत आलेल्या तुकड्यावर जावक क्रमांक, मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी आणि कशाला संमती दिली ते पूर्ण वाक्यात हवे. ‘वरील सूचनेनुसार परवानगी देत आहे’ हे वाक्य कापल्याबरोबर निरर्थक होते, कारण ‘वरील’ घरी राहिलेले असते. हजेरी क्रमांक उजव्या वरच्या कोपऱ्यात घेतला तर गठ्ठा चाळताना चिठ्ठ्या लावणे सोपे जाते.

चिठ्ठीवर ‘पाठवणार आहे’ आणि ‘पाठवणार नाही’ असे दोन्ही चौकोन असावेत. फक्त होकार छापला तर न आलेली चिठ्ठी म्हणजे नकार, विसर की दप्तराच्या तळाशी गेलेला कागद, हे कळत नाही. न आलेल्या चिठ्ठीला होकार धरणे मात्र कधीच योग्य नाही. सही येत नसेल त्या पालकासाठी अंगठ्याची जागा ठेवावी. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी कुटुंबे बरीच आहेत. मराठी माध्यमाचे परिपत्रक अशा घरी अनेकदा मूलच वाचून दाखवते. वाचणारा आणि चिठ्ठी पोचवणारा एकच, आणि त्यालाच तासांना बसायचे नसेल, तर शंका आल्यास सही प्रवेश अर्जावरच्या सहीशी ताडून पाहणे बरे.

फाइल बनवताना चिठ्ठी मजकुराच्या ओघात ठेवू नये. वर एक ओळ वाढली की ती दुसऱ्या पानावर घसरते. ती पानाच्या तळटिपेच्या जागेत, म्हणजे फूटरमध्ये, बसवली की तळाशीच राहते. ए-फोर पानाची उंची २९७ मिलिमीटर असते. त्यातले साधारण ८० चिठ्ठीला पुरतात. अगदी काठापर्यंत मजकूर नेला तर झेरॉक्समध्ये सहीची ओळच जाते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची गिचमिड होते, म्हणून बाहेर पाठवायची प्रत फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफच असावी.

परिपत्रक व्हॉट्सअॅपवर पाठवले तर तुटक रेघेला काही अर्थ उरत नाही. बहुतेक घरांत प्रिंटर नसतो. अशा वेळी चिठ्ठीचा मजकूर वहीच्या पानावर हाताने लिहून सही करून पाठवला तरी चालेल, असे परिपत्रकातच एका ओळीत सांगावे. परिपत्रक छापूनच द्यायचे आणि जास्त प्रती लागणार असतील तर चिठ्ठ्या वेगळ्या छापून एका पानावर तीन बसवता येतात.