पॅप चाचणी : अहवालातील संज्ञा

गर्भाशयमुखावरून खरवडून घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांतील बदलांची प्रतवारी सांगणाऱ्या प्रमाणित संज्ञा.

जॉर्ज पापानिकोलाऊ व हर्बर्ट ट्राउट यांनी 1940 च्या दशकात ही चाचणी प्रचारात आणली. प्रयोगशाळांच्या अहवालांत एकवाक्यता यावी म्हणून अमेरिकेतील बेथेस्डा येथे 1988 मध्ये नवी परिभाषा ठरली.

‘निल्म’ म्हणजे पूर्वकर्करोगी बदल आढळला नाही. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी किंचित वेगळ्या, पण कारण अनिश्चित. दाहामुळेही त्या तशा दिसतात. ‘एलसिल’ हा सौम्य बदल बहुधा विषाणूसंसर्गाचा परिणाम असतो (पहा : मानवी पॅपिलोमा विषाणू). ‘एचसिल’मध्ये पेशीकेंद्रक मोठे, गडद व अनियमित असते; हा बदल पूर्वकर्करोगाचा संशय दर्शवतो.

पुढील पायरी संज्ञेनुसार बदलते. उदा., 35 वर्षांच्या स्त्रीचा अहवाल ‘एएससी-यूएस’ आल्यास विषाणूचाचणी करतात. अमेरिकी मार्गदर्शनानुसार ती नकारात्मक असल्यास साधारणतः तीन वर्षांनी फेरतपासणी होते. सकारात्मक असल्यास, पूर्वीच्या चाचण्या पाहून, बहुधा दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहतात (पहा : कॉल्पोस्कोपी). ‘एचसिल’मध्ये ही तपासणी वा थेट उपचार लांबवत नाहीत.

सुट्या पेशींवरून बदल ऊतीत किती खोल गेला हे कळत नाही. त्यामुळे संशयास्पद जागेचा तुकडा तपासून निदान निश्चित करतात (पहा : जीवोतक परीक्षा). त्यात सौम्य बदल आढळल्यास सहसा केवळ देखरेख ठेवतात. तीव्र बदल असल्यास तो भाग काढतात किंवा नष्ट करतात.