घरभाडे भत्त्यावरील आयकर सवलत

घरभाडे भत्त्यावरील आयकर सवलत ही भाड्याच्या घरात राहणाऱ्या पगारदार व्यक्तीला भारतीय आयकर कायद्यान्वये मिळणारी सवलत आहे. मालकाकडून (नियोक्त्याकडून) मिळालेल्या घरभाडे भत्त्याचा काही भाग, आणि क्वचित संपूर्ण भत्ता, या सवलतीमुळे करमुक्त ठरतो. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१३अ) मध्ये ही तरतूद असून रक्कम काढण्याची रीत आयकर नियम, १९६२ मधील नियम २अ मध्ये दिली आहे. या अधिनियमाची जागा घेणारा आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येण्यासाठी संमत झाला. या लेखातील नियम व उदाहरणे १९६१ च्या अधिनियमानुसार आहेत.

== पात्रता ==

सवलतीसाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. वेतनात घरभाडे भत्ता मिळत असला पाहिजे, कर्मचारी भाड्याच्या घरात प्रत्यक्ष राहत असला पाहिजे आणि त्याने भाडे खरोखर दिलेले असले पाहिजे. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यास भत्ता मिळत असला तरी तो पूर्णतः करपात्र असतो.

कलम ११५ बीएसी खालील नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे सवलत हवी असल्यास जुनी प्रणाली स्पष्टपणे निवडावी लागते.

== गणनेची रीत ==

पुढील तीन रकमा काढून त्यांतील सर्वांत लहान रक्कम करमुक्त धरली जाते.

# प्रत्यक्ष मिळालेला घरभाडे भत्ता
# दिलेल्या भाड्यातून वेतनाचे १० टक्के वजा करून उरणारी रक्कम
# घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नई येथे असल्यास वेतनाचे ५० टक्के; अन्यत्र असल्यास ४० टक्के

येथे ‘वेतन’ या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. त्यात मूळ वेतन येते. महागाई भत्ता सेवाशर्तींनुसार निवृत्तिलाभांसाठी हिशेबात घेतला जात असेल, तर तोही येतो. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, बोनस यांचा समावेश होत नाही. पगारपत्रकावरील एकूण रक्कम ‘वेतन’ समजून गणना केल्यास वजा होणारे १० टक्के वाढतात आणि सवलत अकारण घटते.

दुसऱ्या रकमेमागील कल्पना अशी की, आपल्या वेतनाचा दहावा हिस्सा कर्मचारी निवाऱ्यावर स्वतःहून खर्च करतो असे गृहीत धरले जाते. भाडे त्या हिश्श्याहून कमी किंवा त्याच्याइतकेच असेल, तर काहीही करमुक्त होत नाही.

== शहराचा प्रकार ==

पन्नास टक्क्यांची मर्यादा केवळ वरील चार शहरांना लागू आहे. पुणे, बंगळूर, हैदराबाद व अहमदाबाद ही शहरे मोठी असूनही या नियमात ४० टक्क्यांच्या गटात मोडतात. कार्यालय कोठे आहे यावर हे ठरत नाही. भाड्याचे घर कोठे आहे ते पाहिले जाते. मुंबईत नोकरी करून नाशिकला भाड्याने राहणाऱ्याच्या बाबतीत ४० टक्केच धरावे लागतात.

या वर्गीकरणाची गल्लत सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी केलेल्या एक्स, वाय आणि झेड या वर्गवारीशी अनेकदा होते. त्या वर्गवारीत पुणे ‘एक्स’ गटात, म्हणजे मुंबईच्या बरोबरीने आहे. परंतु ती वर्गवारी भत्ता किती द्यायचा हे ठरवते. त्यातील किती भाग करमुक्त, याच्याशी तिचा संबंध नाही.

तिसरी मर्यादा प्रत्यक्षात क्वचितच निर्णायक ठरते. त्यासाठी भत्ता या मर्यादेहून अधिक असावा लागतो. शिवाय भाडेही चार शहरांत वेतनाच्या ६० टक्क्यांहून आणि अन्यत्र ५० टक्क्यांहून अधिक असावे लागते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला ‘एक्स’ शहरात मूळ वेतनाच्या कमाल ३० टक्के भत्ता मिळतो. तो ४० टक्क्यांच्याही आत असल्याने त्याच्या बाबतीत शहराच्या प्रकाराने सवलतीत फरक पडत नाही. उदाहरणार्थ, मूळ वेतन ५०,००० रुपये आणि महागाई भत्ता २५,००० रुपये असता वेतन ७५,००० रुपये व घरभाडे भत्ता १५,००० रुपये होतो. हा संपूर्ण भत्ता करमुक्त होण्यासाठी भाडे १५,००० अधिक ७,५००, म्हणजे दरमहा किमान २२,५०० रुपये असावे लागते.

== उदाहरण : वर्षाच्या मध्यात बदली ==

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एका खासगी कर्मचाऱ्याचे मूळ वेतन दरमहा ४०,००० रुपये आणि निवृत्तिलाभांसाठी धरला जाणारा महागाई भत्ता १०,००० रुपये आहे. म्हणजे वेतन ५०,००० रुपये. घरभाडे भत्ता दरमहा २४,००० रुपये मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर तो मुंबईत ३२,००० रुपये भाड्याने राहतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तो पुण्यात १८,००० रुपये भाड्याने राहतो.

{| class="wikitable"
! दरमहा रक्कम (रुपये) !! मुंबई !! पुणे
|-
| मिळालेला भत्ता || २४,००० || २४,०००
|-
| भाडे वजा वेतनाचे १० टक्के || २७,००० || १३,०००
|-
| वेतनाचे ५० किंवा ४० टक्के || २५,००० || २०,०००
|-
| करमुक्त रक्कम || २४,००० || १३,०००
|}

मुंबईच्या सहा महिन्यांत १,४४,००० आणि पुण्याच्या सहा महिन्यांत ७८,००० असे एकूण २,२२,००० रुपये करमुक्त ठरतात. वर्षभरातील भत्ता २,८८,००० रुपये असल्याने उरलेले ६६,००० रुपये करपात्र वेतनात मिळवले जातात.

हीच गणना वर्षाची बेरीज करून केल्यास उत्तर चुकते. वर्षाचे भाडे ३,००,००० रुपये होते. त्यातून वार्षिक वेतनाचे १० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये वजा करता २,४०,००० रुपये उरतात. ही रक्कम योग्य उत्तराहून १८,००० रुपयांनी अधिक आहे. मुंबईत भत्त्याच्या मर्यादेमुळे दरमहा ३,००० रुपयांचे जे भाडे हिशेबाबाहेर राहिले, तेच या रीतीत पुण्याच्या महिन्यांसाठी वापरले जाते. नियमानुसार मात्र घर ज्या कालावधीत ताब्यात होते, त्याच कालावधीचे वेतन हिशेबात घ्यावयाचे असते. म्हणून वेतन, भत्ता, भाडे किंवा शहर यांपैकी काहीही बदलले की त्या महिन्यापासून स्वतंत्र गणना करणे आवश्यक ठरते.

== कागदपत्रे आणि पडताळणी ==

कर्मचारी भाड्याचा तपशील फॉर्म १२ बीबी मध्ये मालकाला देतो आणि त्यानुसार पगारातून होणारी करकपात ठरते. वार्षिक भाडे एक लाख रुपयांहून अधिक असल्यास घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. मालकाने सवलत हिशेबात घेतली नसली, तरी विवरणपत्र भरताना ती मागता येते.

आई-वडिलांच्या मालकीच्या घरात राहून त्यांना भाडे देणाऱ्यासही सवलत मिळू शकते. मात्र व्यवहार खरा असावा लागतो आणि ते भाडे त्यांच्या उत्पन्नात दाखवावे लागते. भाडेकरार व बँकेतून दिलेल्या भाड्याच्या नोंदी हा अशा वेळी उपयुक्त पुरावा असतो. केवळ पावत्या असून पैसे प्रत्यक्ष दिल्याची नोंद नसेल, तर दावा अमान्य होण्याचा संभव असतो.

== भत्ता न मिळणाऱ्यांसाठी ==

ज्यांना घरभाडे भत्ताच मिळत नाही, अशा भाडेकरूंसाठी जुन्या प्रणालीत कलम ८० जीजी खाली वेगळी वजावट आहे. तिची कमाल मर्यादा दरमहा ५,००० रुपये असून तिच्यात शहरांचा भेद केलेला नाही.