बहात्तर जादा रुग्ण

फिनलंडमध्ये १९८५ साली सुरू झालेल्या एका चाचणीची कथा मला वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाची वाटते. तिचा निष्कर्ष कोणालाच नको होता, आणि म्हणूनच तो नीट वाचावा लागला.

या चाचणीला पार्श्वभूमी होती. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना, आणि रक्तात बीटा-कॅरोटिन अधिक असणाऱ्यांना, फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे अनेक पाहण्यांत दिसत होते. गाजराला रंग देणारे हे द्रव्य ऑक्सिडीकरण रोखणारे. सिगारेटचा धूर ऑक्सिडीकरण करणारा. तेव्हा एकाने दुसऱ्याला मारावे, हे गणित सोपे वाटत होते. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'नेचर'मध्ये हा प्रश्न मांडला, पण उत्तर गृहीत धरले नाही. चाचणी हवी असे त्यांचे म्हणणे होते.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष निवडले गेले. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन मिळाले, निम्म्यांना नाही. (ई जीवनसत्त्वाचीही अशीच वाटणी होती.) पाच ते आठ वर्षांनी मोजदाद झाली. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४७४ रुग्ण निघाले, न घेणाऱ्यांत ४०२. जवळजवळ सारख्याच संख्येच्या दोन गटांत बहात्तरांचा फरक. म्हणजे अठरा टक्के वाढ. १९९४ साली हे प्रसिद्ध झाल्यावर अनेकांना तो योगायोग वाटला. पण १९९६ साली अमेरिकेतली 'कॅरेट' चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिथे धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व एकत्र घेत होते, आणि त्यांच्यात ही वाढ अठ्ठावीस टक्के होती.

मला सर्वांत बोलकी वाटते ती फिनलंडच्याच अहवालातली दुसरी नोंद. चाचणीच्या आरंभी ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त होते, त्यांना पुढे कर्करोग कमी झाला. म्हणजे जुनी निरीक्षणे खोटी नव्हती. पण जेवणातून आलेले बीटा-कॅरोटिन हे बहुधा एकूण राहणीची खूण होते. खुणेची गोळी करून दिल्याने राहणी येत नाही. शिवाय मात्राही वेगळी. पाव किलो गाजरात साधारण वीस मिलिग्रॅम असतेच, पण कच्च्या गाजरातून त्यातले थोडेच अंगी लागते. गोळीने मात्र रक्तातले प्रमाण सुमारे सतरा पटीने वाढले होते.

मग इजा कशी झाली? फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याचे शरीर बीटा-कॅरोटिन बरेचसे माणसासारखे शोषते. त्याला मोठी मात्रा आणि सिगारेटचा धूर एकत्र दिल्यावर फुप्फुसात बीटा-कॅरोटिनचेच ऑक्सिडीकरण होऊन तुकडे झाले. पेशींना शिस्त लावणारे रेटिनॉइक आम्ल घटले आणि पेशींना वाढीचा हुकूम देणारी प्रथिने वाढली. रक्षकच धुरात सापडून बिघडला.

दुसरा धागा स्वीडनमधल्या २०१४ सालच्या प्रयोगाचा. फुप्फुसात गाठी धरू लागलेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही दोन वेगळी ऑक्सिडीकरणरोधके दिली. पेशींतली ऑक्सिजनची आक्रमक रूपे खरोखरच कमी झाली, डीएनएची इजाही घटली. आणि गाठी अधिक वेगाने वाढल्या. कारण पी-५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला रोखते, आणि ते जागे होते त्याच इजेच्या खुणेने. इजा कमी झाल्यावर पहाराही सैल पडला. याचा ताळा असा की, ज्या पेशींत पी-५३ मुळातच निकामी होते, तिथे या औषधांनी वाढीचा वेग बदलला नाही.

इथे हात राखून बोलायला हवे. फिनलंडमध्ये ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग वाढला नव्हता. त्यामुळे उंदरांचा निष्कर्ष त्या बहात्तर जणांवर सरळ चिकटवता येत नाही. धूम्रपान न करणारे बहुसंख्य असलेल्या अमेरिकी डॉक्टरांच्या चाचणीत, बारा वर्षे एक दिवसाआड पन्नास मिलिग्रॅम घेऊनही, इजा दिसली नाही आणि फायदाही नाही. फिनलंडमध्ये गोळ्या बंद झाल्यावर जादा धोका काही वर्षांत ओसरला. यावरून मला वाटते, गोळीने नवे बी पेरण्यापेक्षा धुराने आधीच पेरलेल्या बियांना खतपाणी घातले असावे.

दोन्ही धाग्यांतून एकच गोष्ट हाती येते. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्ये केवळ कचरा म्हणून तयार होत नाहीत. ठराविक जागी, ठराविक क्षणी, थोड्या प्रमाणात तयार होऊन ती निरोप पोचवतात. वाढ, थांब, दुरुस्ती कर, मर. त्या सगळ्यांना सरसकट शत्रू मानून पुसून टाकले, तर धोक्याची घंटाही त्याबरोबर पुसली जाते.