चौरसाच्या केंद्रावरील विद्युत क्षेत्र व विभव

चौरसाच्या चार कोपऱ्यांवर बिंदुप्रभार ठेवले असता केंद्रापाशी मिळणारे क्षेत्र व विभव. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात क्षेत्र अकरावीला आणि विभव बारावीला येते. ही दोन गणिते मात्र शेजारी ठेवूनच पाहावीत.

अबकड हा २० सेंमी बाजूचा चौरस हवेत आहे असे माना. केंद्रापासून प्रत्येक कोपरा अर्ध्या कर्णाइतका, म्हणजे सुमारे १४.१ सेंमी दूर असतो. येथे बाजूचीच लांबी वापरणे ही नेहमीची चूक असून तिने क्षेत्र निम्मे येते. २ नॅनोकूलोमचा एक प्रभार केंद्रावर ९०० न्यूटन प्रति कूलोम क्षेत्र आणि सुमारे १२७ व्होल्ट विभव देतो.

असे चारही प्रभार धन असतील, तर समोरासमोरची क्षेत्रे एकमेकांना रद्द करून शून्य होतात. विभवाला दिशा नसल्याने त्याची नुसती बेरीज होते: सुमारे ५०९ व्होल्ट.

आता अ, ब धन आणि क, ड ऋण करा. विभव शून्य होते. क्षेत्र मात्र प्रत्येक कर्णावर १८०० इतके दुणावते आणि कर्ण काटकोनात असल्याने एकूण सुमारे २५४६ न्यूटन प्रति कूलोम भरते. त्याची दिशा अब बाजूकडून कड बाजूकडे असते. म्हणून विभव शून्य दिसताच क्षेत्रही शून्य मानू नये. विभव त्या बिंदूभोवती किती वेगाने बदलते, यावर क्षेत्र ठरते.

धन आणि ऋण प्रभार एकाआड एक ठेवल्यास दोन्ही राशी शून्य येतात.